जिराफ सुटला, फुलकिडा अडकला

सोलापुरात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ऑगस्टच्या चाचणीत एक प्रश्न ठरलेला असतो: जिराफाची मान लांब कशी झाली, ते नैसर्गिक निवडीच्या आधारे लिहा. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीचं उत्तर असं होतं:

"पूर्वी जिराफाची मान लहान होती. खालची पाने संपल्यामुळे वरची पाने खाण्यासाठी तो मान ताणू लागला. त्यामुळे त्याची मान लांब झाली व ती पुढच्या पिढीत उतरली. अशा प्रकारे जिराफाने परिस्थितीशी जुळवून घेतले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात."

शेवटचं वाक्य सोडलं तर हा लामार्क आहे, वापराने कमावलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात असं मानणारा डार्विनच्या आधीचा फ्रेंच शास्त्रज्ञ. शाळेत लामार्क शिकवताना उदाहरण जिराफाचंच देतात. वर्षभरात लामार्क विसरला जातो, जिराफ लक्षात राहतो आणि त्याच्या गळ्यात डार्विनची पाटी अडकवली जाते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त उत्तरपत्रिका अशाच होत्या. या मुलीचं प्रकरण मी वेगळं लिहून ठेवलं, कारण ती हुशार आहे, तिचं जिराफाचं उत्तर पंधरा दिवसांत दुरुस्त झालं आणि तरीही तिला काहीच कळलेलं नव्हतं. हे मला नंतर, अपघातानेच समजलं.

दुरुस्ती मी नेहमीच्या वाटेने केली. वर्गातल्या मुलींना विचारलं, "तुमचे कान कधी टोचले?" कुणाचे बाराव्या दिवशी, कुणाचे वर्षाच्या आत. "आईचे टोचलेले होते? आजीचे? पणजीचे?" सगळ्यांचे. "मग तुमच्यातली एक तरी भोकं घेऊनच जन्मली का?" वर्ग हसला. मग वाइसमानची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात उंदरांच्या शेपट्या कापून त्यांची पैदास केली. पाच पिढ्यांत ९०१ पिल्लं झाली आणि त्यातलं एकही आखूड शेपटीचं निघालं नाही.

त्यावर तिनेच हात वर केला. "सर, पण कान टोचणं ही जखम आहे. जिराफ स्वतः ताणत होता. रोज मेहनत करत होता."

आक्षेप बिनतोड होता. वाइसमानचा प्रयोग अपघाताने आलेलं व्यंग पुढे उतरतं का याबद्दलचा आहे. वापराने वाढलेल्या अवयवाबद्दल तो काहीच सांगत नाही. लामार्कला शेपट्या कापलेल्या दाखवल्या असत्या तर तो म्हणाला असता, यात उंदराची धडपड कुठे आहे? पाठ्यपुस्तकी लेखनात हा प्रयोग लामार्कला चीत करणारा डाव म्हणून येतो, तो तसा नाही.

म्हणून मग तालमीचं उदाहरण घेतलं. पैलवानाचा मुलगा मांड्या फुगलेल्या घेऊन जन्मत नाही. त्यालाही जोर-बैठका माराव्याच लागतात. मेहनतीने मांडीचे स्नायू बदलतात, पण पुढच्या पिढीत जातं ते अंडपेशीत आणि शुक्रपेशीत असतं, आणि मांडीने तिकडे निरोप धाडण्याची सोय शरीरात नाही. काही खुणा थोड्याफार पिढ्या पुढे सरकतात असं वनस्पतींत आणि सूक्ष्म कृमींत दिसलं आहे, पण त्यातून मीटर-दीड मीटर मान उभी राहत नाही. (पैलवानाचा मुलगा बहुधा पैलवानच का होतो, हेही एकाने विचारलं. हाडापेराने मिळालेली ठेवण, घरातलं दूध-बदाम आणि पहाटे पाचला लाथ मारून उठवणारा बाप. यातली पहिली गोष्ट तेवढी अनुवंशाची.)

पुढच्या चाचणीत तिचं उत्तर नीट आलं. जिराफांमध्ये मुळातच कमी-जास्त लांबीच्या माना होत्या, लांब मानेचे जास्त जगले, त्यांना जास्त पिल्लं झाली, मिळवलेले गुण उतरत नाहीत. चारपैकी चार दिले.

त्याच चाचणीत मी सहज म्हणून दुसरा प्रश्न घातला होता. डाळिंबाच्या बागेत फुलकिड्यांवर एकच औषध लागोपाठ मारलं. पहिल्या फवारणीला जवळपास सगळे किडे मेले, तिसऱ्या फवारणीला निम्मेही मेले नाहीत. कारण लिहा.

तिने लिहिलं होतं: "किडींना औषधाची सवय झाली. वारंवार फवारणीमुळे त्यांनी स्वतःत प्रतिकारशक्ती निर्माण केली व ती पुढच्या पिढीला दिली."

पान तेच, अक्षर तेच. वरच्या उत्तरात मिळवलेले गुण उतरत नाहीत आणि खालच्या उत्तरात उतरतात. मी तिला बोलावून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली. तिने दोन्ही शांतपणे वाचली आणि म्हणाली, "जिराफाचं पुस्तकातलं आहे सर. हे खरं आहे. आमच्या बागेत झालंय."

तिचं गाव सांगोल्याकडे. घरी भगव्या डाळिंबाची बाग. फुलकिडे कोवळ्या शेंड्यावर, फुलावर आणि लहान फळावर राहतात आणि साल खरवडून रस शोषतात. फळ मोठं होतं तसा तो खरवडलेला भाग खपलीसारखा तपकिरी दिसतो. आतले दाणे चांगले असले तरी बाजारात भाव पडतो. तिच्या वडिलांनी एकाच बहारात एकच औषध तीनदा मारलं, तिसऱ्यांदा पंपाला दीडपट टाकलं, आणि शेवटी ते म्हणाले, "रिझल्टच न्हाई. सरावल्यात किडी." औषधाच्या दुकानातही हेच म्हणतात, आणि ढेकूण, उवा, डास यांच्याबद्दल सोलापूरच्या प्रत्येक घरात हेच म्हणतात. कॉइलला डास सरावले.

चूक जिराफात नव्हती, ती क्रियापदात होती, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं. "सरावले" म्हटलं की डोळ्यापुढे एक किडा येतो. तो पहिल्या फवारणीत गुंगतो, दुसऱ्या फवारणीत सोसतो आणि तिसऱ्या फवारणीत मिशीवर ताव देतो. "मान लांब झाली" म्हटलं की एकच जिराफ दिसतो आणि त्याची मान रबरासारखी वाढत जाते. "जुळवून घेतलं" तर त्याहून वाईट. आपल्याकडे सून सासरी जुळवून घेते, बदली झालेला कारकून नव्या गावाशी जुळवून घेतो. ते माणूस तोच राहून बदलण्याचं वर्णन आहे. नैसर्गिक निवडीत कुणीच बदलत नाही. एकेक जीव जसा जन्मला तसाच मरतो, बदलतं ते कळपातलं प्रमाण. "निवड" शब्दही फसवा आहे. घरात ज्वारी निवडायला कुणीतरी सूप घेऊन बसावं लागतं. इथे कुणी बसलेलं नाही. चाळण हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण चाळणीला दाणा आवडत नाही की नावडत नाही. पण आता शब्द रुळला, आणि इंग्रजीतही तोच घोळ आहे.

मग तिला फळ्यावर हिशोब करायला लावला. समजा बागेत १०,००० फुलकिडे आहेत. त्यातले १०० जन्मतःच असे आहेत की त्यांच्या शरीरात ते औषध थोडं जास्त वेगाने मोडतं. औषध अजून बाटलीतच आहे, म्हणजे हे १०० औषधामुळे तयार झालेले नाहीत. बाकीचे ९,९०० साधे. फवारणीत साध्यांपैकी शंभरातले ५ वाचतात आणि चिवट असलेल्यांपैकी ८०.

पहिली फवारणी: साधे ४९५ उरले, चिवट ८०. एकूण ५७५. म्हणजे ९४ टक्के किडे मेले. शेतकरी खूश.

पण आता उरलेल्यांत चिवटांचं प्रमाण बघा. आधी शंभरात १ होतं, आता ५७५ मध्ये ८०, म्हणजे शंभरात जवळपास १४. हे उरलेले अंडी घालतात, पिल्लं आईबापांसारखी निघतात, आणि काही आठवड्यांत बाग पुन्हा १०,००० वर येते. त्यात आता सुमारे १,३९० चिवट आहेत आणि ८,६१० साधे.

दुसरी फवारणी: साधे ४३०, चिवट १,११२. एकूण १,५४२ उरले. म्हणजे ८५ टक्के मेले. "थोडं कमी पडलं, पण चाललं," असं माणूस म्हणतो. उरलेल्यांत मात्र आता शंभरातले ७२ चिवट आहेत.

तिसरी फवारणी तिने स्वतः केली. खडू थांबला, मग तिने पुन्हा गुणाकार तपासला. पुन्हा १०,००० झालेल्या किड्यांत ७,२०० चिवट, त्यातले ५,७६० उरले. साधे २,८००, त्यातले १४० उरले. एकूण ५,९००. म्हणजे फक्त ४१ टक्के मेले.

"सर, यात कुणी सरावलंच नाही."

नाही सरावलं. औषध शंभर चिवटांतल्या ८० जणांना पहिल्या दिवशी सोडत होतं, तिसऱ्या फवारणीतही तेवढ्याच ८० जणांना सोडलं. औषध तेच, किड्यांचे दोन्ही प्रकार तसेच. शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसलं ते ९४, ८५, ४१, आणि हे आकडे तंतोतंत सवयीसारखे दिसतात. म्हणून तर तो शब्द इतका चिकट आहे.

हिशोब मुद्दाम सोपा केला आहे, हे तिला सांगितलं. खऱ्या बागेत किडे शेजारून उडून येतात. शेजारची बाग न फवारलेली असेल तर तिथले साधे किडे येऊन मिसळतात आणि चिवटांचं प्रमाण वाढायला वेळ लागतो. बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या बीटी कपाशीच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगायचे त्या याच हिशोबावर. आपल्याकडे बहुतेकांना त्या ओळी फुकट गेलेली जागा वाटल्या आणि त्या लागल्या नाहीत, ही वेगळी रड. शिवाय पिल्लं अगदी आईबापांसारखीच निघतात असंही नाही. गुण एका जनुकाचा की अनेकांचा, त्यावर वेग बदलतो. दिशा बदलत नाही.

तिने मान डोलावली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिचा प्रश्न असा: हिशोब बरोबर आहे, पण त्यात ते १०० चिवट किडे तुम्ही स्वतःच आधी घालून ठेवले. ते खरंच आधीपासून असतात कशावरून? कदाचित फवारणीच्या वेळीच काही किड्यांनी जोर लावून ताकद मिळवली असेल. आकडे दोन्हीकडे सारखेच येतील.

असा प्रश्न मला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. आणि याला उत्तर आहे, सोलापुरात तर ते चांगलंच समजावं, कारण ते कापडाने दिलेलं आहे.

१९५२ मध्ये अमेरिकेत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी एका बशीत जीवाणू वाढवले. औषध नाही, काही नाही, फक्त खाद्य. बशीवर जीवाणूंचे दाट, ठिपक्याठिपक्यांचे डाग उगवले. मग त्यांनी एका गोल ठोकळ्यावर मखमल ताणून बांधली आणि ती बशीवर हलकेच दाबली. मखमलीच्या लवीच्या टोकांना प्रत्येक डागातले थोडे जीवाणू चिकटले, जिथे होते त्याच जागी. मग तीच मखमल दुसऱ्या बशीवर उमटवली, मग तिसऱ्या बशीवर. कापडावर ठसा छापावा तसं. फरक एवढाच की या बशांत औषध होतं. ते औषध होतं स्ट्रेप्टोमायसिन. डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं फवारलं गेलेल्या "स्ट्रेप्टो"तलं मुख्य औषध हेच.

आता दोन शक्यता मांडा, असं मी तिला म्हटलं. औषध लागल्यावर जीवाणू जोर लावून ताकद मिळवत असतील, तर प्रत्येक बशीत जगणारे डाग वेगवेगळ्या जागी दिसले पाहिजेत, कारण कोण कुठे यशस्वी होईल याचा नेम नाही. चिवट जीवाणू आधीपासूनच मूळ बशीत असतील, तर ते सगळ्या बशांत एकाच जागी दिसले पाहिजेत.

ते एकाच जागी दिसले. मग लेडरबर्ग दांपत्याने मूळ बशीवरच्या त्या नेमक्या जागेवरून जीवाणू उचलले. त्यांना किंवा त्यांच्या पूर्वजांना औषधाचा थेंबही कधी लागला नव्हता. ते वाढवून, पुन्हा ठसे काढून, त्यांनी पूर्ण चिवट जीवाणू वेगळे केले. औषधाने चिवटपणा निर्माण केला नव्हता. औषधाने फक्त कोण चिवट आहे ते उघडं पाडलं.

तिला हे शेवटचं वाक्य पटायला वेळ लागला नाही. तिने मला उलट विचारलं, "मग पप्पांनी तिसऱ्यांदा दीडपट टाकलं, त्याने काय झालं?" बहुधा चाळणीची भोकं आणखी बदलली. साध्यांतले उरलेसुरले गेले, चिवटांतले त्यातल्या त्यात कमी चिवट गेले, आणि मागे उरले ते सर्वांत चिवट. फुलकिडे खाणारे मित्रकीटकही त्यात गेले असणार. वेगळ्या गटातलं, वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध आलटून पालटून वापरलं तर पहिल्या चाळणीतून सुटलेला दुसरीत अडकण्याची शक्यता असते. एकाच गटातलं दुसऱ्या कंपनीचं औषध घेतलं तर नुसतं बाटलीवरचं चित्र बदलतं.

यानंतर जिराफाकडे परत जाणं भाग होतं, कारण तिचं आधीचं चार गुणांचं उत्तर पाठांतर होतं. मी तिला फुलकिड्याचा हिशोब जिराफाला लावायला सांगितला: आकडे टाकायचे असतील तर काय काय मोजावं लागेल? तिने यादी केली. कळपात मानांच्या लांबीत फरक किती, तो फरक आईबापांकडून उतरतो का, आणि लांब मानेच्यांना खरोखर जास्त पिल्लं होतात का. पहिल्या उत्तरात यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त गरज होती. जिराफाला पानांची गरज होती म्हणून मान लांब झाली. पण गरज तर हरणालाही होती आणि शेळीलाही आहे.

तिसरा मुद्दा मात्र अडचणीचा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जिराफाची मान नेमकी कोणत्या फायद्यामुळे वाढली यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. १९९६ मध्ये दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की कोरड्या दिवसांत, म्हणजे जेव्हा चाऱ्यासाठी ओढाताण असायला हवी तेव्हा, जिराफ बराचसा वेळ खांद्याच्या उंचीवरच चरतात. त्यांचं म्हणणं असं की नरांच्या मानेने होणाऱ्या झुंजींमुळे मान वाढली असेल. त्यावर आक्षेप असा की मग माद्यांच्या माना लांब कशाला? २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत काही झाडांना कुंपण घालून लहान चरणाऱ्या प्राण्यांना दूर ठेवून पाहिलं, तेव्हा उंचावर चरण्याने जिराफांना खरंच जास्त पाला मिळतो याला आधार मिळाला. दोन्ही कारणं थोडी थोडी असू शकतात. यातल्या कुठल्याच बाजूला मान ताणून लांब झाली असं मात्र कुणी म्हणत नाही.

मान वाढत गेल्याचं मात्र हाडांत दिसतं. जिराफाच्या मानेत मणके सातच असतात, माणसाइतकेच. एकेक मणका लांबलचक. त्याचा आजचा नातेवाईक ओकापी, त्याची मान साधारण ६० सेंटीमीटर. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या सॅमोथेरियमची जवळपास एक मीटर. जिराफाची दोन मीटर. सॅमोथेरियम थेट पूर्वज होता असं म्हणता येत नाही, पण मधली लांबी एकेकाळी चालत-फिरत होती एवढं पक्कं.

मुलांना कमीपणा वाटू नये म्हणून एक गोष्ट मी हल्ली सांगतो. लामार्कने जिराफाचं उदाहरण १८०९ मध्ये दिलं. डार्विनने जिराफाच्या मानेची सविस्तर चर्चा केली ती १८७२ मध्ये, आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत, आणि तोवर वापराने वाढलेले अवयव काही प्रमाणात पुढे उतरतात असं तो स्वतःही मानत होता. १८६८ मध्ये तर शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण निघून प्रजननपेशींत जमतात अशी एक कल्पनाही त्याने मांडली. ती खोटी निघाली. अनुवंश कसा चालतो हे त्याला माहीतच नव्हतं, आणि मेंडेलचा १८६६ चा लेख त्या काळी बहुतेकांनी पाहिलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी जाऊन आली. वडिलांना फळ्यावरचा हिशोब वहीत करून दाखवला म्हणाली. ते काय म्हणाले विचारलं तर हसली. "म्हणाले, म्हणजे सरावल्यातच की." पण पुढच्या बहाराला औषध बदलणार आहेत, वेगळ्या गटातलं.

आणि जाताजाता एक प्रश्न ठेवून गेली. हे औषध दोन-तीन वर्षं मारलंच नाही, तर किडी ते विसरतील का? "विसरतील" म्हणताना ती स्वतःच थांबली आणि वाक्य बदललं: चिवटांचं प्रमाण कमी होईल का? मी म्हटलं, औषध नसताना चिवट किड्याला साध्यापेक्षा कमी पिल्लं होत असतील तरच. औषध मोडण्याची यंत्रणा शरीरात चालू ठेवायला काही किंमत पडत असेल तर तसं होतं. काही किडींत ती किंमत दिसते, काहींत जवळजवळ काहीच पडत नाही आणि प्रमाण तसंच राहतं. तिने वही उघडली, वर लिहिलं "फवारणी नाही", खाली चिवट ७,२००, साधे २,८००, आणि चिवटाला साध्याच्या शंभर पिल्लांमागे नव्वद पिल्लं धरून पिढ्या मोजायला बसली.